आज काय करता नव्हे, आधी काय करत होता?

दवाखान्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात आजचं काम लिहितात. सिलिकोसिस निसटतो तो नेमका तिथेच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

समजा, मारुंजीच्या एखाद्या टॉवरवरचे पन्नाशीचे वॉचमन दादा. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे. कागदावर ‘वॉचमन’ लिहिलं की फुप्फुसातल्या धुळीचा विचार कोणाच्या मनात येणार? पण त्याआधी दहा वर्षं ते भोसरीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने काढायचं काम. ती वाळू सिलिकाची. तिची घातक धूळ डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून सरळ आत जाते. काम सुटलं तरी आजार थांबत नाही. दम बऱ्याचदा दहा-वीस वर्षांनी जाणवू लागतो.

म्हणून धूळ कोणती, हे विचारायलाच हवं. ग्रॅनाइट आणि टाइल कापणारे, काँक्रीटच्या भिंतीला झिरी मारणारे, खडी क्रशरवरचे, हे सगळे सिलिकावालेच. यांच्या एक्स-रेत बारीक गोल ठिपके दिसतात, बहुतेक फुप्फुसाच्या वरच्या भागात. सिमेंटचे जुने पत्रे कापणाऱ्याच्या छातीत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू जातात. तिथे खालच्या भागात रेषा उमटतात. वेल्डरच्याही फोटोत ठिपके येतात, पण ते लोखंडाचे. त्यांनी सहसा फारसा दम लागत नाही. ठिपके पाहून वेल्डरला घाबरवायचं आणि फेटलरला मात्र ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवायचं, ही चूक कामाची माहिती न घेतल्यानेच होते.

सगळ्यात मोठी फसगत टीबीशी होते. टीबीचे डागही बहुधा वरच्याच भागात असतात. थुंकीत जंतू नाहीत, ताप नाही, सहा महिने गोळ्या खाऊनही दम आणि ठिपके तसेच, असं असेल तर धुळीची चौकशी व्हायलाच हवी. मात्र चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिलिका बसलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, दोन्ही एकत्रही असतात. त्यामुळे थुंकी पुन्हा तपासून घ्यावी लागते.

सिलिकोसिसने झालेले व्रण भरून येत नाहीत. मग निदान कशासाठी? धुळीचं काम लगेच सोडता यावं म्हणून, टीबीवर नजर राहावी म्हणून, आणि हा कायद्याने मानलेला व्यावसायिक रोग असल्याने भरपाई मागता यावी म्हणून. ‘टीबी’ किंवा ‘दमा’ एवढंच लिहिलं तर ती मागणी उभीच राहत नाही.

तेव्हा जाताना एका कागदावर पहिल्या कामापासून लिहून न्या: कुठे, कोणत्या खात्यात, किती वर्षं, धूळ कशाची, पाणी मारून काम होत होतं की कोरडं. जुनी पगारपावती, ईएसआय कार्ड, पीएफचा कागद सापडला तर सोबत घ्या. आणि डॉक्टरांना तो कागद केसपेपरला जोडायला सांगा.