२० रुपये लावले, ६ मिळाले... मग मशीन जल्लोष का करतं?

स्लॉट मशीनवर एक बटण दाबलं. २० रुपये गेले. पडद्यावरची चित्रं फिरली, थांबली, दोन चित्रं चमकली, नाण्यांचा खळखळाट झाला आणि कोपऱ्यात आकडा आला : ६ रुपये जिंकलात. किराणा दुकानदाराने २० रुपये घेऊन ६ रुपये परत दिले आणि वर अभिनंदन केलं, तर आपण भांडण काढू. इथे मात्र बहुतेक जण पुन्हा बटण दाबतात.

या प्रकाराला अभ्यासकांनी नाव दिलं आहे, 'जिंकल्याचा वेष घेतलेली हार'. जुगारात माणूस का अडकतो, याचं उत्तर आपण सहसा लोभ, संगत, नशीब अशा शब्दांत देतो. त्यात तथ्य असेलही. पण स्लॉट मशीनच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग यंत्राच्या रचनेत आहे, आणि ती रचना समजायला अवघड अजिबात नाही.

आधी जुना गैरसमज

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चक्रावर चेंडू सलग काळ्या घरात पडू लागला. दहा वेळा, पंधरा वेळा, तरी काळंच. जसजशी रांग वाढली तसतसे लोक लाल घरावर जास्त पैसे लावू लागले, कारण 'आता तरी लाल यायलाच हवं'. काळं सलग २६ वेळा आलं. तोपर्यंत कित्येकांचे खिसे रिकामे झाले होते.

रुलेटच्या त्या चक्रावर ३७ घरं असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक शून्य. दर वेळी लालची शक्यता ३७ पैकी १८. आधीच्या २५ वेळा काय झालं हे चेंडूला ठाऊक नसतं. आपला मेंदू मात्र हिशेब बरोबरीत यायलाच हवा असं धरून चालतो. मटक्याचे जुने चार्ट घेऊन 'हा आकडा बरेच दिवस आलेला नाही' असं सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली होते. तर्क तोच.

स्लॉट मशीनवर हाच गैरसमज वेगळ्या शब्दांत भेटतो : 'मशीन तापलंय', 'आता द्यायच्या बेतात आहे', 'मी उठलो आणि पुढच्याने जॅकपॉट नेला'. आतली गोष्ट अशी की यंत्रातली चिप सेकंदाला शेकडो वेळा नवा आकडा काढत असते. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जो आकडा हाती लागतो, त्यावर निकाल ठरतो. चक्रं त्यानंतर फिरतात, म्हणजे ती फक्त निकाल दाखवण्याचं काम करतात. पुढच्या माणसाने तुमच्यापेक्षा पाव सेकंद उशिरा बटण दाबलं असतं, तर त्यालाही दुसराच आकडा मिळाला असता.

रुलेटमध्ये निदान चक्र डोळ्यांसमोर असतं, घरं मोजता येतात. स्लॉटमध्ये तीही सोय राहिलेली नाही, आणि ती कशी गेली हे पाहण्यासारखं आहे.

दिसणारं चक्र आणि खरं चक्र

जुन्या यांत्रिक मशीनमध्ये तीन चक्रं असत. समजा प्रत्येक चक्रावर थांबायच्या २२ जागा आहेत आणि त्यातल्या एकाच जागी जॅकपॉटचं चित्र आहे. तिन्ही चक्रांवर ते एकदम येण्याची शक्यता २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक. कॅसिनोवाल्यांची अडचण इथेच होती. बक्षीस मोठं ठेवायचं तर शक्यता कमी करायला हवी, आणि त्यासाठी चक्रं अवाढव्य करावी लागणार.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस या अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्याची कल्पना सरळ होती. चक्र २२ जागांचंच ठेवा, पण ते कुठे थांबायचं हे चिपमधल्या एका मोठ्या यादीवरून ठरवा. समजा यादीत ६४ आकडे आहेत. प्रत्येक आकडा चक्रावरच्या कुठल्या ना कुठल्या जागेशी जोडलेला आहे. जॅकपॉटच्या चित्राला एकच आकडा द्यायचा, रिकाम्या जागांना जास्त. आता जॅकपॉटची शक्यता ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एक. खेळणाऱ्याला दिसणारं चक्र तेच आहे, तेवढंच आहे. त्याच्या डोळ्यांनी केलेला अंदाज मात्र जवळपास २५ पटींनी चुकतो.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही युक्ती सुरेख आहे, हे मान्य करावंच लागेल. पण खरी मेख पुढे आहे. कोणत्या जागेला किती आकडे द्यायचे हे बनवणाऱ्याच्या हातात आहे. जॅकपॉटच्या चित्राच्या लगेच वर आणि लगेच खाली ज्या रिकाम्या जागा आहेत, त्यांना प्रत्येकी ६ आकडे दिले तर? चित्र बरोबर रेषेवर यायची शक्यता ६४ पैकी १, आणि रेषेच्या एक घर वर किंवा खाली थांबायची शक्यता ६४ पैकी १२. साध्या चक्रावर हे प्रमाण एकास दोन असतं, इथे एकास बारा झालं. (६ हा आकडा मी समजावण्यासाठी धरला आहे. प्रत्येक मशीनची यादी वेगळी असते.)

परिणाम असा की खेळणाऱ्याला जॅकपॉट सारखा 'थोडक्यात हुकताना' दिसतो. नेमबाजीत बाण मध्याच्या जवळ लागला तर त्याला अर्थ आहे, हात सुधारतोय असं म्हणता येतं. इथे जवळ-लांब असं काही नसतंच. रेषेवर न आलेलं प्रत्येक चित्र सारखंच हरलेलं आहे.

केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन हाच मुद्दा तपासला. सोप्या स्लॉटसारख्या खेळात थोडक्यात हुकल्यावर लोकांना साध्या हारण्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. तरीही, चित्र त्यांनी स्वतः निवडलेलं असेल तर, पुढे खेळायची इच्छा वाढत होती, आणि जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही इथेही जागे होत होते.

नेवाडाच्या नियामकांनी याबाबत घेतलेली भूमिका मात्र अर्धवट वाटते. युनिव्हर्सल या कंपनीची मशीन आधी हार ठरवत आणि मग दाखवताना मुद्दाम हुकल्याचं चित्र निवडत. १९८९ मध्ये नियामकांनी ते अमान्य केलं. टेलनेसच्या पद्धतीची यादी मात्र चालू राहिली, कारण तिच्यात आकडा खरोखर यादृच्छिक निघतो आणि दाखवताना वेगळी लबाडी होत नाही. लबाडी यादी बनवतानाच उरकलेली असते, हा मुद्दा त्यांनी सोडून दिला.

हारच, पण वाजतगाजत

आता सुरुवातीच्या ६ रुपयांकडे येऊ. जुन्या मशीनवर एकच रेषा असे, त्यामुळे निकाल स्वच्छ असे : आलं किंवा गेलं. आजच्या पडद्यावरच्या मशीनमध्ये पाच उभ्या रांगा आणि त्यांवरून वाकडीतिकडी जाणाऱ्या २०, ३० किंवा त्याहूनही जास्त रेषा असतात. प्रत्येक रेषेवर एक रुपया लावला की एका डावाचे २० रुपये झाले. इतक्या रेषांतली एखादी काहीतरी किरकोळ देऊन जातेच.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून हिशेब करू. १०० डाव, प्रत्येकी २० रुपये, एकूण २,००० रुपये लावले. ६० डावांत काहीच नाही. ३० डावांत सरासरी ८ रुपये परत, म्हणजे २४० रुपये. १० डावांत खरोखरची जीत, सरासरी १६० रुपये, म्हणजे १,६०० रुपये. एकूण परत आले १,८४०, म्हणजे ९२ टक्के. हरलात १६० रुपये.

यंत्राने मात्र १०० पैकी ४० वेळा दिवे लावले, संगीत वाजवलं. त्यातल्या ३० वेळा तुमचे १२ रुपये गेले होते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामातले सूक्ष्म बदल मोजले. अशा खोट्या जिंकण्याला शरीराचा प्रतिसाद खऱ्या जिंकण्यासारखाच होता, साध्या हारण्यासारखा नव्हता. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : आपण किती वेळा जिंकलो असं विचारल्यावर लोक यातले बरेच डाव जिंकलेल्यांत मोजतात. आणि त्याच डावांना हारल्याचा आवाज जोडला, तर ती हार होती हे लोकांना ओळखू येतं. म्हणजे बदलायचं ते फक्त ध्वनीचं एक फाइल.

'९२ टक्के परतावा' हा आकडाही फसवा वाटतो तो यामुळेच. तो प्रत्येक डावाला लागू होतो, तुम्ही खिशातून आणलेल्या रकमेला नाही. मिनिटाला १० डाव म्हटलं तर तासाला ६०० डाव, म्हणजे १२,००० रुपये लावले गेले, कारण परत आलेलेच पैसे पुन्हा पुन्हा लागतात. त्याचे ८ टक्के ९६० रुपये. २,००० रुपये घेऊन बसलेल्याचे तासाभरात सरासरी निम्मे गेले, आणि त्याला आठवतील त्या २४० आतषबाज्या.

आवाज बंद करता येतो

ब्रिटनच्या नियामकाने ऑनलाइन स्लॉटसाठी ऑक्टोबर २०२१ पासून नेमकं हेच केलं. लावलेल्या रकमेएवढी किंवा त्याहून कमी रक्कम परत आली, तर जिंकल्याचा आवाज आणि चित्रं दाखवायला बंदी. डाव किमान अडीच सेकंदांचा हवा, आपोआप चालणारे डाव बंद, आणि त्या बैठकीत किती जिंकलं-हरलं आणि किती वेळ गेला हे पडद्यावर दिसायलाच हवं. हे सगळं एखाद्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बसतं.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. महाराष्ट्राने कॅसिनोंचा १९७६ चा, कधीच अंमलात न आलेला कायदा २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीपासून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी आहे आणि शनिवार-रविवारी तिथे महाराष्ट्राच्या गाड्यांची कमतरता नसते. तिथली चर्चा बहुधा मांडवीतली जहाजं हटवायची की नाहीत आणि परवाना शुल्क किती, याभोवती फिरते. ती व्हावीच. पण परवान्याच्या अटींत 'लावल्यापेक्षा कमी मिळालं तर मशीन गप्प राहील' ही एक ओळ घालायला जहाज हलवावं लागत नाही आणि सरकारचा एक रुपयाही खर्च होत नाही.

तोवर मशीनसमोर बसलेल्याला एवढं करता येईल : दिवे आणि 'जिंकलात' हा शब्द सोडून फक्त शिल्लक रकमेचा आकडा पाहायचा. बटण दाबण्याआधी तो किती होता आणि संगीत थांबल्यावर किती आहे.