भाऊ दोघे, बाटली एक

थोरल्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेलं उलटीचं सिरप, ओन्डान्सेट्रॉन, दादी धाकट्यालाही तेवढंच पाजणार होत्या. माजलगावात आम्ही हे घरोघरी पाहतो. या औषधाचा डोस वजनावर ठरतो: ८ ते १५ किलोला २ मिलिग्रॅम, ३० किलोपर्यंत ४, त्यापुढे ८, बहुधा एकदाच. बाटलीवर ‘५ मिलीत २ मिलिग्रॅम’ असेल, तर १८ किलोच्या थोरल्याला १० मिली. ११ किलोच्या धाकट्याला मात्र ५ मिलीच, तेही डॉक्टरांना विचारून. मग पंधरा-वीस मिनिटांनी ओआरएस, चमच्याचमच्याने.

नुसत्या जुलाबांना हे देऊ नये. जुलाब वाढू शकतात. सहा महिन्यांखालचं बाळ, हिरवी किंवा रक्ताची उलटी, फुगलेलं पोट, डोक्याला मार, हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल, तर बाटली न उघडता दवाखाना गाठावा.