येणी फुगतात, रोख हलत नाही

तळोजा औद्योगिक वसाहतीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. पहिल्या वर्षी विक्री १०० कोटी आणि वर्षअखेर ग्राहकांकडून येणे २० कोटी. दुसऱ्या वर्षी विक्री १३० कोटींवर गेली, नफाही वाढला, पण येणी ४६ कोटी झाली. विक्रीत ३० कोटींची भर पडली आणि त्यातले २६ कोटी उधारीतच राहिले. पूर्वी बिलाचे पैसे यायला सरासरी ७३ दिवस लागत, आता १२९ लागतात. बँकेतली शिल्लक जवळजवळ जिथल्या तिथे.

हा घोटाळा आहे का? एवढ्यावरून तसं म्हणणं अन्यायाचं होईल. कारखान्याला सरकारी खात्याचं मोठं काम मिळालं असेल, तर बिलं महिनोन्महिने अडकतात. नवा बडा ग्राहक मिळवण्यासाठी मालकाने जादा मुदत दिली असेल, तर तो धंद्याचा निर्णय झाला. मार्चमध्ये हंगाम असणाऱ्या धंद्यात ३१ मार्चची येणी नेहमीच फुगलेली दिसतात. झपाट्याने वाढणाऱ्या प्रामाणिक कंपनीचेही आकडे असेच असतात, हे विसरून चालणार नाही.

पण दुसरी शक्यताही तितकीच साधी आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल वितरकांच्या गोदामात ढकलायचा, बिलं फाडायची, नफा दाखवायचा आणि एप्रिल-मे मध्ये माल गुपचूप परत घ्यायचा. हिशेबाच्या नियमाने माल गेला की विक्री नोंदवता येते. पैसे यायची वाट पाहावी लागत नाही. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

दोन्हींतला फरक पुढच्या तिमाहीत कळतो. खरी बिलं उशिरा का होईना, वसूल होतात. खोटी बिलं क्रेडिट नोटने रद्द होतात, किंवा जुनं रद्द करून त्याच नावाने नवं बिल निघतं, म्हणजे थकबाकीचं वय कधी वाढतच नाही. २०२१ पासून कंपन्यांना येण्यांचं वयानुसार कोष्टक ताळेबंदात द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षभराची, आणि तशीच तीन वर्षांवरची. येणी दरवर्षी वाढतात, तरी सगळी सहा महिन्यांच्या आतलीच, आणि रोख मात्र येत नाही, असं चित्र दिसलं की मी शंकेच्या बाजूने झुकतो. एका वर्षापुरता संशयाचा फायदा मालकाला द्यावा. सलग तीन वर्षं नफा आणि धंद्यातून आलेली रोख यांची फारकत होत असेल, तर खुलासा करण्याची जबाबदारी त्याची.

बँकेत येणी म्हणजे कर्जं, आणि पनवेलला हा धडा महाग पडला. कर्नाळा नागरी सहकारी बँकेत ६० हून अधिक बनावट कर्जखाती उघडून पैसा अध्यक्षांशी संबंधित संस्थांकडे वळवला गेला, आणि हे २००८ पासून चालू होतं, असा ईडीचा आरोप आहे. रक्कम ५०० कोटींच्या वर. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून झालेल्या तपासणीत प्रकार उघड झाला तो २०१९-२० मध्ये. जून २०२१ मध्ये माजी अध्यक्ष आणि माजी आमदार विवेक पाटील यांना अटक झाली, ऑगस्टमध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याने पाच लाखांपर्यंत संरक्षण दिलं. त्यावर ज्यांची ठेव होती, ते अडकले.

अशा खात्यांची खूण कारखान्यासारखीच. कर्जदार हप्ता भरत नसेल, तर ९० दिवसांनंतर खातं थकीत ठरतं. ते टाळायला नवं कर्ज मंजूर करून त्यातून जुन्याचे हप्ते भरले, की कागदावर वसुली झाली, व्याजाचं उत्पन्नही झालं, बाहेरून मात्र एक रुपया आला नाही.

ही कसोटीही अचूक नाही. सत्यममध्ये २००९ साली जे उघड झालं, त्यात फुगवलेली येणी ४९० कोटींची होती, पण बँकेतली शिल्लकच ५,०४० कोटींनी खोटी होती. रोख आली का, हे पाहणाऱ्याला तिथे उत्तर मिळालं असतं, आणि तेही बनावट. अशा वेळी लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट, कंपनीच्या हातातून न जाता, शिलकीचं पत्र मागवण्याशिवाय इलाज नाही. सामान्य वाचकाला तिथवर पोचता येत नाही, हे मान्य करावं लागतं.

सहकारी बँकेच्या सभासदाला मात्र वार्षिक सभेत उभं राहून एक प्रश्न विचारता येतो: या वर्षी वसूल झालेल्या कर्जांपैकी किती रक्कम याच बँकेने दिलेल्या नव्या कर्जांतून आली?