ग्रुप सोडताना खालाचं मन राखा

खाला, चाची किंवा मोहल्ल्यातली आपा प्रेमानं आपल्याला शेकडो माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालते. बाहेर पडावं, तर तिला वाईट वाटेल. आम्ही एकच क्रम पाळतो: आधी निरोप, मग ग्रुप सोडणं.

२०२२ पासून ग्रुप सोडल्याची खबर फक्त अ‍ॅडमिनला जाते. पण सोडून गेलेल्यांची यादी ६० दिवस ग्रुपमधल्या कुणालाही पाहता येते. म्हणजे गुपचूप निघालो तरी खालाला कळतंच, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मन दुखतं ते त्यानं. म्हणून तिला वेगळा मेसेज करावा: ‘अस्सलामु अलैकुम खाला, आठवणीनं जोडलंत, शुक्रिया. इतके मेसेज वाचून होत नाहीत, म्हणून ग्रुपमधून निघते. निकाहाची, इंतकालची खबर मात्र मला जरूर कळवा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. जनाज्याची वेळ हल्ली पुष्कळदा ग्रुपवरच कळते. वेगळं कळवणारं कुणी नसेल, तर ग्रुप सोडू नये. म्यूट करून अर्काइव्हमध्ये ठेवावा आणि दिवसातून एकदा पाहावा.

पुढच्या ग्रुपसाठी सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथं जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’मध्ये त्या व्यक्तीचं नाव निवडावं. मग तिला आपल्याला थेट जोडता येत नाही, आमंत्रण पाठवावं लागतं. ते तीन दिवसांत आपोआप संपतं. पण तसं संपू देऊ नये. ‘माफ करा, जमणार नाही’ एवढं तरी कळवावं. मोठ्यांना नकारापेक्षा गप्प राहणं जास्त लागतं.