उल्कावर्षाव पाहायचा केव्हा?

आपल्याकडे आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरतो तो असा: अमावास्येच्या जवळचा शनिवार, संध्याकाळी सातला सुरुवात आणि नऊला परतीची बस. ग्रह आणि तारकासमूह पाहायचे असतील तर यात फारसे चुकत नाही. परंतु याच वेळापत्रकात उल्कावर्षाव बसवण्याचा आग्रह मात्र मला पटत नाही. दोन तास मान वर करून चार-दोन उल्का दिसल्या, की मंडळी वर्तमानपत्रांना दोष देत घरी जातात. दोष वर्तमानपत्रांचा नसतो, वेळेचा असतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मिथुन राशीतला डिसेंबरचा उल्कावर्षाव सर्वांत सोयीचा. ऑगस्टमधल्या ययाती समूहातील वर्षावाची कीर्ती मोठी, पण त्या वेळी आपले आकाश ढगांनी भरलेले असते. २०२६ साली तर त्याची ऐन रात्र अमावास्येलाच येते. पण पावसापुढे अमावास्या काय करणार?

मिथुनेतला वर्षाव दरवर्षी १४ डिसेंबरच्या आसपास भरात असतो. पृथ्वी आपल्या कक्षेतल्या एका ठराविक जागी धूलिकणांच्या प्रवाहातून जाते, म्हणून ही तारीख हलत नाही. चंद्राच्या तिथी मात्र दरवर्षी सरकतात. २०२४ साली १५ डिसेंबरला पौर्णिमा होती. मंद उल्का चांदण्यात बुडाल्या. अशा वर्षी अमावास्येपर्यंत थांबून उपयोग नाही, कारण तोवर वर्षाव ओसरलेला असतो. तेव्हा आधी वर्षावाची रात्र धरावी आणि मग त्या रात्रीतले काळोखाचे तास शोधावेत, हा खरा क्रम.

पुण्याच्या परिसरासाठी १४ डिसेंबर २०२६ ची रात्र घेऊ. सूर्यास्त सहाच्या सुमारास. त्यानंतर सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश असतो; त्यात वाचता येते. १२ अंशांपर्यंत नाविक संधिप्रकाश, त्यात ठळक तारे उमटतात. १८ अंशांपर्यंतचा तो खगोलीय संधिप्रकाश. प्रत्येक टप्पा साधारण पंचवीस मिनिटांचा, म्हणजे पुरा अंधार सुमारे सव्वासातला. परंतु अमावास्या ९ तारखेला होऊन गेल्यामुळे पश्चिमेला शुक्ल पक्षातली कोर असते आणि ती रात्री अकराच्या आत मावळते. पहाटेचा खगोलीय संधिप्रकाश पावणेसहाच्या आधी सुरू होतो. म्हणजे निखळ काळोख मिळतो तो अकरा ते साडेपाच.

आता तिसरी गोष्ट, जी आपण नेहमी विसरतो. या उल्का पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळच्या एका बिंदूतून आल्यासारख्या भासतात. तो बिंदू पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो. नऊ वाजता तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश असतो, साडेदहाला ३५ अंश आणि अडीचला जवळजवळ डोक्यावर, ७५ अंशांवर. बिंदू खाली असला, की धूलिकण तिरपे येऊन मोठ्या क्षेत्रावर विखुरतात आणि आपल्या वाट्याला थोडे येतात. नऊला दिसणाऱ्या उल्का अडीचच्या मानाने पाव भागाच्या आसपास! वर्तमानपत्रातला ‘तासाला दीडशे’ हा आकडा तर बिंदू माथ्यावर आणि आकाश अत्यंत काळे असतानाचा. गावाबाहेरच्या साधारण आकाशात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावे.

आमच्या कार्यक्रमांत परवानगी असते रात्री दहापर्यंतची. त्यातही वसतिगृहातल्या मुलींना त्याआधी परतावे लागते. म्हणजे वर्षाव सुरू होतो त्या सुमारास बस सुटते आणि मुलींना तर उल्कावर्षाव हा पुस्तकातला शब्दच राहतो. मध्यरात्रीच्या परतीला पालक आणि प्राध्यापक घाबरतात, ते मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे, की मध्यरात्री परतूच नये. संध्याकाळी उजेडी एखाद्या खेड्यातल्या शाळेत मुक्कामाला जावे, बरोबर प्राध्यापक आणि प्राध्यापिका असाव्यात. रात्री लवकर झोपावे, दोनला उठावे. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढा वेळ विजेरी लावू नये, लावलीच तर तांबड्या कागदाने झाकावी. पाठीवर पडून मोकळे आकाश पाहावे. पुनर्वसूकडेच टक लावू नये, कारण तिथल्या उल्का आखूड दिसतात. दिसलेली रेघ मागे वाढवावी. ती पुनर्वसूपाशी पोहोचली तर उल्का या वर्षावातली, नाहीतर भटकी. पूर्वेला फिकट उजेड चढून मंद तारे नाहीसे होऊ लागले, की मोजणी थांबवावी आणि सूर्योदयानंतर बसने निघावे.

यात खर्च एका मुक्कामाचाच वाढतो. तेवढी परवानगी मिळत नसेल, तर कार्यक्रमाला आकाशदर्शन म्हणावे. उल्कावर्षावाचे नाव सूचनाफलकावर लिहू नये.