निबंधाचा सराव आणि समासातील एक ओळ

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आणि तीत निबंधाला २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका मिळाली. तेव्हापासून वैरागसारख्या गावातील उमेदवारापुढे एक पेच उभा आहे. विषयांच्या याद्या बाजारात मिळतात. लिहिलेले वाचणारा मात्र पुण्यावाचून मिळत नाही, असा समज रूढ झाला आहे. तो तपासून पाहावयास हवा.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तीन तासांत दोन निबंध लिहावे लागतात, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे. म्हणजे एका निबंधाला दीड तास. त्यातील वीस मिनिटे आराखड्याला व दहा मिनिटे फेरवाचनाला दिली, तर लेखनास एक तास उरतो. आठवड्याचा सराव याच मापाने व्हावा. घड्याळाविना सावकाश लिहिलेला निबंध सुंदर असेल, पण परीक्षेत तो अपुराच राहील.

'दुष्काळ : निसर्गाचा की नियोजनाचा?' हा विषय घ्या. सोलापूरकडील विद्यार्थी १९७२ च्या दुष्काळापासून आरंभ करील हे स्वाभाविकच. परंतु आटलेल्या विहिरी, चारा, खडी फोडणारी माणसे यांत चारशे शब्द खर्ची पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. हा दोष लिहिणाऱ्यास दिसत नाही, कारण प्रत्येक वाक्य खरेच असते. तो उघडा पाडण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात एका ओळीत लिहावे आणि केवळ त्या ओळी वाचाव्यात. पहिल्या चार ओळी 'पाऊस पडला नाही' एवढेच सांगत असतील, तर निबंध जागीच थांबला आहे. मग १९७२ ला दीडशे शब्द पुरेत. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा, उजनीचे पाणी आणि उसाचे क्षेत्र यांवर युक्तिवाद उभा राहू शकतो.

मार्गदर्शकाचे काम येथेच आहे. 'छान, उदाहरणे वाढवा' हा शेरा कोणत्याही निबंधावर चालतो, म्हणून तो निरुपयोगी. दोनच दोष नेमके दाखवावेत आणि नवा विषय देण्यापूर्वी सदोष परिच्छेद पुन्हा लिहवून घ्यावा. वीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हटली तरी आठवड्याला पाच तास जातात. शिकवण्या सांभाळणाऱ्या शिक्षकास हे झेपणारे नाही. यास्तव समासातील ओळी विद्यार्थ्यांनी परस्परांच्या तपासाव्यात आणि शिक्षकाने दर आठवड्यास पाचच वह्या पूर्ण वाचाव्यात. महिन्यात प्रत्येकाची पाळी येते.

प्रशासनाचा अनुभव वा वैकल्पिक विषयाचे ज्ञान गावातील शिक्षकाकडे नसेल. ती उणीव या पद्धतीने भरून निघत नाही. पण परिच्छेद विषयाशी बांधलेला आहे की सुटला आहे, हे ओळखण्यास मराठीचा जाणता वाचक पुरतो. तो वैरागात नाही, असे कोणी म्हणू नये.