त्रिफळा मागू नका, तिरफळ मागा

कोयनानगरच्या वसाहतीतील एका वाचक भगिनीने आमच्याकडे कागदाची एक पुडी दिली. तिच्या सुनेचे माहेर घाटाखाली आहे. तिकडून आलेल्या डब्यात वाटलेल्या मसाल्याशेजारी ही पुडी होती. सून बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे विचारायचे कुणाला? भगिनी बाजारात गेली. दुकानदाराने पुडी न उघडताच नाव विचारले, तिने ऐकीव नाव ‘त्रिफळ’ असे सांगितले, आणि तिच्या हाती हिरडा, बेहडा, आवळ्याच्या चूर्णाची डबी पडली. ते पोट साफ होण्याचे औषध. माशाच्या आमटीत पडले असते तर आमटी तुरट होऊन फेकावी लागली असती.

पुडीतला जिन्नस आम्ही उजेडात पसरून पाहिला. मिऱ्याएवढे किंवा थोडे मोठे, तपकिरी, सुरकुतलेले दाणे. पण मिरे बंद असते, त्याला तोंड नसते. कबाबचिनीला मागे बारीक शेपटीसारखे देठ असते. यातला मात्र दाणा न् दाणा मधोमध उकललेला, जणू चोच वासलेली. आत गुळगुळीत, काळे, चकचकीत बी. काही टरफले रिकामीच होती आणि त्यांचे बी पुडीच्या तळाशी सांडले होते. दिसण्यावरून इतके समजले, तरी खात्री वासानेच होते. टरफल दोन बोटांत चुरडून नाकाशी धरले तर संत्र्याची साल सोलावी तसा वास येतो, मागून थोडा मिरमिरीत. नुसते बी चुरडले तर तो वास नाही. सगळा गुण टरफलात आहे, बी कठीण आणि खाताना कचकच लागणारे.

हे तिरफळ. कुणी चिरफळ म्हणते, कुणी कोकळी, गोव्याकडे तेफळ. वनस्पतीशास्त्रातले नाव झँथोझायलम ऱ्हेत्सा. झाड उंच वाढते आणि खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात. चिनी स्वयंपाकात जी जीभ बधिर करणारी मिरी वापरतात ती याच कुळातली, पण रंगाने लालसर. म्हणून शेवटची परीक्षा जिभेची: टरफलाचा तांदळाएवढा तुकडा दाताखाली धरावा. आधी आंबट-सुगंधी चव येते, मग जिभेला मुंग्या येऊन ती थोडा वेळ बधिर होते. मात्र ही परीक्षा घरातून किंवा दुकानातून आलेल्या जिनसाचीच करावी. रानात पोरांनी तोडून आणलेले अनोळखी फळ जिभेला लावू नये, असे आम्ही बजावून सांगतो.

आता मिळते कुठे? आमच्या देशावरच्या कांदा-लसूण मसाल्यात याचे काम नाही, म्हणून गावच्या किराणा दुकानात ते सहसा ठेवत नाहीत. दुकानदारावर रागावून उपयोग नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईकच नसते. हा जिन्नस खाऱ्या माशाबरोबर फिरतो. तेव्हा जिथे बांगडा, तारली खाणारे लोक, तिथले दुकान गाठावे. आपल्याला जवळचे म्हणजे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. कुणी एस. टी.ने जाणारे असेल तर त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी. कराडला जायचे झाले तर साध्या किराण्याऐवजी मसाल्याचा सुटा माल विकणाऱ्याकडे विचारावे. मुंबईला घरचे कुणी नोकरीस असेल तर लालबागची मसाला गल्ली, किंवा मालवणी जिन्नस विकणारे कोणतेही दुकान. आणि दुकान सापडत नसेल तर बाजारातल्या कोळणीला विचारा, ती बरोबर पत्ता सांगते.

जाताना चार दाणे कागदात बांधून न्या आणि ‘माशाच्या आमटीतले तिरफळ’ असे पूर्ण सांगा. पुडी बांधण्याआधी एक टरफल चुरडून हुंगा. दोन-तीन वर्षे पडून राहिलेला माल काळपट दिसतो, भुसा हुंगल्यासारखा वास येतो. तो फुकट दिला तरी नको. नुसते काळे बीच जास्त भरलेले असेल तर वजनाचे पैसे बियांचे जातात, हेही पाहावे. पहिल्या वेळी 50 ग्रॅम पुष्कळ झाले, कारण चार माणसांच्या आमटीला सहा-सात दाणे लागतात. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे.

वापरताना बी काढून टाकावे, टरफले थोड्या पाण्यात टाकून जरा चेचावी आणि आमटी उतरवायच्या आधी घालावी. वाटणात बारीक वाटली तर कडवटपणा येतो. ताटात आलेले टरफल बाजूला काढायचे असते, चावायचे नसते, हे पोरांना आधी सांगून ठेवा. त्या भगिनीच्या पुडीतले दाणे ताजे निघाले, म्हणून निम्मे तिने वापरायला ठेवले आणि चार नमुन्यासाठी बांधून चिपळूणला जाणाऱ्या शेजाऱ्याकडे दिले.